वीस हजार जॉब कार्डांचं काय करायचं?

*नमस्कार सर. नऊ वर्षं गाड्यांचा टेक्निशियन आहे. पहिली पाच वर्षं एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतो, गेली चार वर्षं सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. आता परत अधिकृत सेंटरला जायचंय. दोन महिन्यांत बऱ्याच ठिकाणी रिझ्युमे पाठवला, फोन एकच आला. त्यात 'सर्व प्रकारच्या गाड्यांचा व स्कॅनरचा अनुभव' असं लिहिलंय. मित्र म्हणतो, 'वीस हजार जॉब कार्डं केली असं टाक, लोक आकडा बघतात.' माझी अडचण उलटी आहे. पूर्वी महिन्याला सव्वाशे कार्डं व्हायची, आता पन्नाससुद्धा होत नाहीत, कारण अवघड गाड्या माझ्याकडे देतात. खरं लिहिलं तर कामचुकार वाटेन. वॉरंटीचं कामही केलंय, पण क्लेम ऑफिसात भरले जायचे. मग ते माझं म्हणून कसं लिहू?*

तुमच्या मित्राचा आकडा आधी निकालात काढू. वीस हजार भागिले नऊ म्हणजे वर्षाला साधारण दोन हजार दोनशे. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर रोज सात-साडेसात गाड्या. नऊ वर्षं, एक दिवस न चुकता. ज्या माणसानं स्वतः फ्लोअर चालवला आहे तो हा भागाकार रिझ्युमे वाचता वाचता मनातच करतो आणि कागद बाजूला ठेवतो. मी पंधरा वर्षं वर्कशॉप सांभाळलं, हे असंच करत आलो. गंमत म्हणजे आकडा खोटा आहे म्हणून मी तो कागद बाजूला ठेवत नसे. हा आकडा खरा असता तर हा माणूस नऊ वर्षं फक्त ऑइल आणि फिल्टर बदलत होता असं झालं असतं, म्हणून ठेवत असे.

तुमच्या काळजीचं उत्तरही इथेच आहे. महिन्याला सव्वाशेवरून पन्नासाखाली येणं ही घसरण आहे असं तुम्ही धरून चाललात. जॉब कार्ड म्हणजे गाडी गेटातून आत आल्याची नोंद. पिरिऑडिक सर्व्हिसची गाडी एक कार्ड, आणि तीन दिवस उभी राहिलेली, अधूनमधून बंद पडणारी गाडीसुद्धा एकच कार्ड. शिवाय बऱ्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्त करून दिलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत आली की नवं कार्ड उघडतं. म्हणजे काम बिघडवणाऱ्याची कार्डं वाढतात! तेव्हा नुसत्या संख्येवरून कुणाची हुशारी कळत नाही, आणि हे नोकरी देणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला कार्डांची संख्या हवी असते, पण कामाच्या प्रकारानुसार फोडलेली.

ती कशी फोडायची ते तुमच्याच माहितीवरून मांडून बघतो. मधले आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तिथे तुमचे घाला. समजा पहिली तीन वर्षं तुम्ही सर्व्हिस बेवर होतात, महिन्याला सव्वाशे. ही झाली साडेचार हजार. पुढची दोन वर्षं सर्व्हिस आणि जनरल रिपेअर मिळून महिन्याला ऐंशी, म्हणजे एकोणीसशेच्या आसपास. शेवटची चार वर्षं महिन्याला पंचेचाळीस, म्हणजे एकवीसशे साठ. एकूण साडेआठ हजार. हा एकूण आकडा रिझ्युमेत लिहूच नका, त्यातून काही कळत नाही. तीन टप्पे लिहा. सव्वाशे, ऐंशी, पंचेचाळीस असा उतरता क्रम आणि शेजारी 'सर्व्हिस', 'सर्व्हिस व जनरल रिपेअर', 'डायग्नोसिस व इलेक्ट्रिकल' असा चढता क्रम दिसला की वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. पंचेचाळिसातल्या किती गाड्या दुसऱ्या कुणाला न सुटल्यामुळे तुमच्याकडे आल्या, हे सांगता येत असेल तर तेवढं नक्की जोडा.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. सुरुवातीला तुम्ही कुणा सीनियरच्या हाताखाली असाल, तर त्या काळातली कार्डं त्याच्या नावावर आहेत. ती धरू नका. आणि दोघांनी मिळून केलेल्या कामाला, उदाहरणार्थ इंजिन उतरवण्याला, 'दोघांच्या टीममध्ये' असं लिहा. नोंदी नसतील तर इन्सेंटिव्हच्या जुन्या स्लिपा बघा, त्यांवर बहुतेकदा महिन्याची कार्डं किंवा तास असतात. त्याही नसल्या तर जुन्या सुपरवायझरला फोन करून विचारा. मग 'सुमारे' हा शब्द लावून गोल आकडा लिहा. सुमारे पंचेचाळीस चालतं. सत्तेचाळीस लिहिलंत तर सत्तेचाळीसच का, हे विचारलं जाईल.

आता वॉरंटी. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि तुम्ही तो सोडून द्यायला निघालात. क्लेम ऑफिसात भरला जायचा हे खरं. पण ऑफिसातला माणूस त्यात भरायचा काय? तुम्ही कार्डावर जे लिहून दिलंत तेच. वॉरंटीच्या क्लेमला तीन गोष्टी लागतात: गिऱ्हाइकाची तक्रार काय, कारण काय सापडलं, आणि दुरुस्ती काय केली. पहिली सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर लिहितो. दुसरी आणि तिसरी टेक्निशियनची. क्लेम बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीवर पास होतो किंवा फेटाळला जातो.

हे नीट कळावं म्हणून आमच्या फ्लोअरवरची एक गाडी सांगतो. पेट्रोल, एअर फ्लो मीटर असलेलं इंजिन, टर्बो नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला, आयडलिंगला थरथर. कोड P0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एका पोरानं ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. आठवड्यात दिवा परत. मग ती गाडी दुसऱ्याकडे दिली. त्यानं आधी काहीच बदललं नाही. लाइव्ह डेटा लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघितला. आयडलिंगला अधिक एकोणीस टक्के, आणि अडीच हजार आरपीएमला अधिक चारच. म्हणजे इंजिन संथ चालताना कम्प्युटरला जादा पेट्रोल ओतावं लागतंय, वेग वाढला की गरज संपते. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, मागणी वाढल्यावर ट्रिम चढला असता. आयडलिंगलाच जास्त याचा अर्थ मीटरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. वेग वाढल्यावर एकूण हवा एवढी वाढते की त्या गळतीचा हिस्सा नगण्य होतो. स्मोक मशीन लावलं, तर पीसीव्ही होजच्या खालच्या बाजूच्या चिरेतून धूर आला. वरून बघून ती चीर दिसतच नव्हती. होज बदलला, जुने ट्रिम रिसेट केले, गाडी चालवून परत बघितलं, ट्रिम दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आत.

आता हीच गाडी वॉरंटीत आहे असं समजा. पहिल्या पोराचा ऑक्सिजन सेन्सर क्लेम झाला असता. काढलेला सेन्सर टॅग लावून जपून ठेवला असता, कंपनीनं तो मागवला असता, तपासला असता आणि तो चांगला निघाला असता. मग दिलेले पैसे डीलरकडून परत वसूल. 'सेन्सर खराब, बदलला' एवढंच कार्डावर असेल तर बचावाला काही उरत नाही. दुसऱ्या माणसाच्या कार्डावर कोड होता, फ्रीझ फ्रेम होती, दोन आरपीएमचे ट्रिम होते, धुराचा फोटो होता आणि दुरुस्तीनंतरचे आकडे होते. त्या क्लेमला कुणी हात लावत नाही. डीलरचे पैसे कुणामुळे वाचले, वॉरंटी क्लार्कमुळे की त्या टेक्निशियनमुळे?

म्हणून 'वॉरंटी क्लेम प्रोसेस केले' असं लिहू नका, ते तुम्ही केलं नाहीत. 'वॉरंटी कामाचं अनुभवसंपन्न ज्ञान' असलंही काही नको. जे केलंत तेच लिहा: वॉरंटी गाड्यांचं निदान, कार्डावर कारण आणि मोजमापं नोंदवणं, काढलेले भाग टॅग करून देणं. महिन्याला साधारण किती, आणि कोणत्या सिस्टीमवर. मोठ्या युनिटसाठी, म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिन असेंब्लीसाठी, कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. त्यासाठीचे फोटो आणि रीडिंग तुम्ही काढून दिली असतील तर ते वेगळं लिहा, कारण तिथे चुकलं तर गाडी आठवडाभर अडकते. तुमच्या निदानावरचे किती क्लेम परत आले हे माहीत असेल तर त्यासारखा आकडा नाही. माहीत नसेल तर गप्प बसा. 'शंभर टक्के क्लेम मंजूर' वाचलं की मला हसू यायचं.

रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनची कामं वॉरंटीच्या आकड्यात मिसळू नका. त्यांत कंपनीनं आधीच सांगितलेलं असतं की अमुक नंबरांच्या गाड्यांचा अमुक भाग बदला. शिस्त लागते, पण निदान नसतं. शंभर रिकॉल आणि वीस निदानं मिळून 'एकशेवीस वॉरंटी जॉब' लिहिलेत तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडेल.

तासांचं एक. काही वर्कशॉपमध्ये टेक्निशियनचे 'विकलेले तास' मोजतात, म्हणजे कामाला ठरवलेला स्टँडर्ड वेळ. वॉरंटीला कंपनी देते तो वेळ बहुतेकदा गिऱ्हाइकाला लावतात त्यापेक्षा कमी असतो, आणि दोष शोधण्यात गेलेला वेळ तर बऱ्याचदा मिळतच नाही. त्यामुळे वॉरंटी आणि डायग्नोसिस करणाऱ्याचा कार्यक्षमतेचा टक्का सर्व्हिस बेवरच्या पोरापेक्षा खाली दिसतो. तुमच्याकडे असा टक्का असेल आणि तो चांगला असेल तर लिहा. बेताचा असेल तर लिहू नका. विचारलं तर कामाचा प्रकार सांगून समजावता येईल.

स्कॅनरकडे वळू. 'स्कॅनरचा अनुभव' या दोन शब्दांतून काहीच कळत नाही, कारण कोड वाचायला आता दहा मिनिटांत कुणीही शिकतो. नुसती टूलची नावं लिहिणंही अपुरं. टोयोटाचं टेकस्ट्रीम, फोक्सवॅगन समूहाचं ओडिस, निस्सानचं कन्सल्ट ही कंपनीची स्वतःची टूल्स. बॉशचं केटीएस, ऑटेल, लाँच ही बहुतेक गाड्यांना चालणारी. नाव लिहाच, अधिकृत सेंटर आधी तेच शोधेल. पण नावापुढे क्रियापद हवं. कोड वाचले आणि पुसले, ही पहिली पायरी. लाइव्ह डेटा बघून निष्कर्ष काढला, ही दुसरी. अ‍ॅक्च्युएटर टेस्ट घेतली, म्हणजे टूलवरून इंजेक्टर, फॅन किंवा वाल्व्ह चालवून बघितला, ही तिसरी. आणि शेवटची लिहिण्याची: नवीन इंजेक्टरचे करेक्शन कोड टाकणं, थ्रॉटल शिकवणं, स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं, मॉड्यूल बदलल्यावर कोडिंग. प्रत्येक टूलवर तुम्ही कुठवर पोहोचलात ते प्रामाणिकपणे लिहा. सगळ्यांवर शेवटपर्यंत पोहोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ऑसिलोस्कोप, स्मोक मशीन ही साधनं लोक रिझ्युमेत विसरतात. मला उलट तिथेच थांबून वाचायला आवडायचं. स्कॅनर संशय कुठे घ्यायचा ते सांगतो, खात्री मीटर देतो. व्होल्टेज ड्रॉप मोजून खराब अर्थिंग शोधणारा माणूस कोणत्याही कंपनीच्या गाडीवर चालतो. तुमचं कौशल्य एका ब्रँडवरून दुसऱ्यावर नेता येतं, हे याच ओळीतून दिसेल.

गाड्यांबद्दल तुमचा समज असा दिसतो की जितक्या कंपन्या जास्त तितकं वजन जास्त. मल्टिब्रँड वर्कशॉपला अर्ज करताना यात तथ्य आहे. त्यांना रोज वेगळी गाडी येते. पण तुम्हाला अधिकृत सेंटरला जायचंय. त्यांच्यासाठी बारा कंपन्यांची यादी म्हणजे एकाही कंपनीची खोली नाही अशी शंका. तुमची पहिली पाच वर्षं एकाच कंपनीत गेली, तिथे कंपनीचं ट्रेनिंग झालं असेल. ते आधी, पातळी आणि वर्षासकट. त्याच्याखाली मल्टिब्रँडचा काळ: नेहमी हाताळलेल्या तीन-चार कंपन्यांची नावं, आणि बाकीच्या 'अधूनमधून'. कंपनीपेक्षा सिस्टीम सांगा: कॉमन रेल डिझेल, टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, एबीएस. साधारण कोणत्या सालाच्या गाड्या तेही. पंधरा वर्षांपूर्वीची आणि गेल्या वर्षीची गाडी एकाच नावाची असली तरी वायरिंगच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या जाती आहेत. हायब्रिडला ऑइल बदललं असेल तर 'हायब्रिडचा अनुभव' लिहू नका. हाय व्होल्टेज यंत्रणा बंद करून सुरक्षित करण्याचं ट्रेनिंग झालंय का, हे विचारणार. ते नसताना त्या केशरी केबलींना हात लावल्याचं सांगितलंत, तर अनुभव म्हणून नव्हे, धोका म्हणून बघतील.

मग दोन रिझ्युमे करायचे का? माझ्या मते हो. मजकूर एकच, क्रम वेगळा. त्याच कंपनीच्या सेंटरला पाठवताना जुनी पाच वर्षं आणि वॉरंटी वर घ्या. तारखांचा क्रम मोडल्यासारखं वाटेल, म्हणून वर पाच ओळींचा सारांश ठेवा आणि नोकऱ्या खाली नेहमीच्या उलट्या क्रमानं. दुसऱ्या कंपनीच्या सेंटरला डायग्नोसिस आणि साधनं वर. एवढा बदल दहा मिनिटांचा आहे. तुमच्या सारांशाचा नमुना असा होईल, आकडे तुमचे घाला:

> ऑटोमोबाइल टेक्निशियन, ९ वर्षं. ५ वर्षं अधिकृत सर्व्हिस सेंटर, ४ वर्षं मल्टिब्रँड.
> सध्या: डायग्नोसिस व इलेक्ट्रिकल, महिन्याला सुमारे ४५ जॉब कार्डं, त्यांतली साधारण १५ आधी दुसरीकडे न सुटलेली.
> आधी: सर्व्हिस बे, महिन्याला सुमारे १२५, नंतर सर्व्हिस व जनरल रिपेअर, सुमारे ८०.
> वॉरंटी (अधिकृत सेंटर): महिन्याला सुमारे १० गाड्यांचं निदान, कारण व रीडिंगची नोंद, भागांचं टॅगिंग. क्लेम भरणं वॉरंटी विभागाकडे.
> टूल्स: कंपनीचं टूल कोडिंगपर्यंत, बॉश केटीएस अ‍ॅक्च्युएटर टेस्टपर्यंत, ऑसिलोस्कोपवर इंजेक्टर व क्रँक सेन्सरचे सिग्नल.

शेवटून दुसऱ्या ओळीतलं 'क्लेम भरणं वॉरंटी विभागाकडे' हे वाक्य तुम्हाला कमीपणाचं वाटेल. ठेवा. त्यामुळे वरच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास बसतो. खाली प्रत्येक नोकरीत त्या फ्युएल ट्रिमच्या गाडीसारखा एखादाच जॉब दोन ओळींत लिहा: तक्रार, काय मोजलं, काय निघालं. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, गिऱ्हाइकाचं नाव कुठेही नको. जुन्या कामाच्या जागेच्या सिस्टीमचे फोटो तर अजिबात पाठवू नका. जो माणूस तिथला डेटा मला दाखवतो, तो उद्या माझा दुसऱ्याला दाखवेल असं कुणालाही वाटेल.

एक तयारी मात्र कागदाबाहेर करा. असा रिझ्युमे घेऊन गेलात तर फ्लोअरवरचा माणूस विचारेल, 'तुमच्याकडून परत आलेली एक गाडी सांगा.' 'माझी गाडी परत येत नाही' हे उत्तर चालत नाही. तुमची एखादी खरी रिपीट जॉबची गाडी आठवून ठेवा: पहिल्या वेळी काय मोजायचं राहिलं, दुसऱ्या वेळी ते कशानं लक्षात आलं आणि त्यानंतर तुम्ही कार्डावर काय लिहायला लागलात.